खातं पास झालं त्या दिवशी

परभणीच्या नव्या मोंढ्यात बियाणे, खत आणि औषधांचं घाऊक दुकान आहे, तिथं खातेवहीचं टेबल माझ्याकडे आहे. जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांतली कृषी सेवा केंद्रं आमच्याकडून माल नेतात. उन्हाळा तापायला लागला की नवे अर्ज येतात. गावात नवं दुकान टाकणारा कुणी कृषी पदविका झालेला असतो, कुणी बी.एस्सी. ॲग्री, तर कुणी जुना दुकानदार, ज्याने दुकान चालवता चालवता ४८ आठवड्यांचा ‘देसी’ अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. परवान्याच्या प्रती, जीएसटी नोंदणी, बँकेचा उतारा, दोन जुन्या व्यापाऱ्यांची ओळख एवढं तपासून मालक सही करतात आणि मला सांगतात, “याचं खातं पास झालं. कळवून टाका.”

पूर्वी कळवणं म्हणजे एक फोन असायचा. अभिनंदन, तुमचा खाते क्रमांक अमुक, माल लागला की सांगा. मी हे टेबल घेतल्यावर ती पद्धत बदलायला लावली. आता नवा दुकानदार पहिल्या मालाआधी एकदा माझ्यासमोर येऊन बसतो. चहा होतो, आणि तासभर मी त्याला तीनच गोष्टी सांगते: आमच्याकडे ऑर्डर कशाला म्हणतात, पैसे जमा झाले असं कधी धरतात आणि तक्रार कशी केली तर ती उभी राहते. त्याचा मराठीत लिहिलेला एक कागद तो जाताना घेऊन जातो. हा तास वाया जातो असं आमच्या काही लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि का ते सांगण्यासाठी पाथरी तालुक्यातल्या एका तरुण दुकानदाराची हकिकत पुरेशी आहे.

हा मुलगा मे महिन्यात आला. घरची शेती, वडील कापूस-सोयाबीन करणारे, स्वतः कृषी पदवीधर. खातं पास झाल्याचा त्याला आनंद होता आणि बसल्या बसल्या त्याने ऑर्डर सांगायला सुरुवात केली. “ताई, सोयाबीन पाठवा दीडशे पिशव्या, युरिया पाठवा, डीएपी पाठवा, अन् थोडं औषधही टाका गाडीत.”

मी वही मिटून ठेवली. म्हटलं, दादा, आधी हे ऐका.

‘सोयाबीन पाठवा’ ही आमच्याकडे ऑर्डर होत नाही. वाण कोणता, कंपनी कोणती, पिशवी किती किलोची आणि किती पिशव्या, हे चारही लिहून आलं पाहिजे. औषधाचंही तसंच. ‘अळीचं औषध’ म्हटलं तर माझ्या गोदामात डझनभर प्रकार आहेत. घटकाचं नाव, किती टक्के, कोणत्या रूपात आणि किती ग्रॅमचं पाकीट, म्हणजे ‘इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, १०० ग्रॅम, २० नग’ असं. फोनवर बोलायला हरकत नाही, पण फोन ठेवल्यावर तेच शब्द दुकानाच्या ठरलेल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर टाकायचे. तिथून ऑर्डर क्रमांक आणि दर परत आला की ऑर्डर झाली. तो आला नसेल, तर ती नुसती बोलणी. आमचा फिरता प्रतिनिधी तुमच्या दुकानात बसून “पाठवतो की” म्हणाला, तरी तीही बोलणीच. जूनच्या पहिल्या पावसानंतर एका दिवसात इतके फोन येतात की तोंडी सांगितलेलं आठवणीत राहत नाही. मग दुकानदार म्हणतो मी सांगितलं होतं, आमचा माणूस म्हणतो तुम्ही दुसरा वाण सांगितला, आणि गाडी तर मानवतच्या पुढे गेलेली असते.

ऑर्डरमधलीच आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणीच सांगत नाही. आमचं खातं पास होणं आणि तुमच्या परवान्यावर त्या कंपनीचा माल विकायची मुभा असणं, या दोन वेगळ्या बाबी आहेत. खताच्या परवान्याला ज्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ‘ओ फॉर्म’ म्हणतो ते, जोडलेलं असतं, तेवढ्याच कंपनीचं खत तुम्हाला विकता येतं. बियाणं आणि कीटकनाशक यांनाही त्यांच्या त्यांच्या कंपनीचं पत्र लागतं. या मुलाच्या परवान्यावर दोन खत कंपन्या चढलेल्या होत्या आणि त्याला डीएपी हवं होतं तिसरीचं. गावात त्याच गोणीला मागणी आहे, हे त्याचं म्हणणं खरं होतं. तरी मी ते गाडीत टाकलं नाही. निरीक्षक दुकानात आला आणि परवान्यावर नसलेल्या कंपनीची गोणी दिसली, तर ती गोणी कितीही अस्सल असो, विक्री बंदचा आदेश हातात पडतो. त्याला ओ फॉर्म मिळवून दिला, तो त्याने कृषी विभागाकडे अर्ज करून परवान्यावर चढवून घेतला, आणि मग डीएपी गेलं.

खताच्या बाबतीत ऑर्डरचा आणखी एक टप्पा आहे. २०१८ पासून अनुदानित खताची विक्री शेतकऱ्याच्या आधार क्रमांकावर आणि अंगठ्यावर पॉस मशीनमधून होते. त्यामुळे गोण्या तुमच्या गोदामात उतरल्या तरी मशीनमध्ये साठा चढल्याशिवाय विकता येत नाहीत. आम्ही आमच्या बाजूने माल पाठवल्याची नोंद करतो, तुम्ही तुमच्या मशीनवर तो मिळाल्याची पोच देता. इथं मी त्या मुलाला थांबवून दोनदा सांगितलं: आधी गोण्या मोजा, मग पोच द्या. कागदावर १०० गोण्या आहेत, उतरल्या ९८, आणि तुम्ही घाईत शंभराची पोच देऊन टाकली, तर त्या दोन गोण्या मशीनमध्ये तुमच्या नावावर राहतात. तपासणीत मशीनमधला साठा आणि जमिनीवरचा साठा जुळला नाही, की उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, आम्हाला नाही. फरक दिसला तर पोच न देता फोन करायचा.

आता पैशांचं. “खातं पास झालं म्हणजे उधारी सुरू झाली ना?” असं त्याने विचारलं, आणि बहुतेक सगळे असंच समजतात.

आमच्याकडे तीन मालांच्या तीन तऱ्हा आहेत. बियाण्याचे पैसे आधी. खताचे पैसे गाडी निघायच्या दिवशी, कारण कंपनी आमच्याकडून तसेच घेते आणि खतातलं आमचं कमिशन इतकं बारीक आहे की त्यात उधारी बसत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांनाच विकायची असते. त्यात वाहतूक, हमाली आणि दोघांचा नफा कसा बसवायचा हा दुकानदारांचा प्रश्न मलाही पटतो, पण त्याचं उत्तर माझ्या टेबलावर नाही. उधारी मिळते ती औषधांना आणि विद्राव्य खतांना: ४५ दिवसांची, आणि नव्या खात्याला दीड लाखाच्या मर्यादेपर्यंत.

ही मर्यादा कशी चालते ते मी त्याला पाटीवर मांडावं तसं मांडून दाखवलं. समजा ऑगस्टमध्ये तुमची बाकी १ लाख १० हजार आहे आणि तुम्ही ६२ हजारांची ऑर्डर टाकली. बेरीज होते १ लाख ७२ हजार. मर्यादेच्या वर २२ हजार. संगणक ते बिल होऊच देत नाही. आमच्यापैकी कुणाचा तुमच्यावर राग आहे म्हणून माल अडला, असं तेव्हा समजायचं नाही. २२ हजार भरले की बिल निघतं. आणि मर्यादा शिल्लक असली तरी एखादं बिल ४५ दिवसांच्या पुढे गेलं, की खातं थांबतं. ही दुसरी अट लोकांच्या लक्षात राहत नाही. “माझी तर निम्मी लिमिट मोकळी आहे, मग कामून थांबवलं?” असे फोन मला सप्टेंबरात येतात. प्रत्येक वेळी एखादं सहा-सात हजारांचं जुनं बिल कुठंतरी राहिलेलं असतं.

पैसे कधी जमा धरायचे, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चेक माझ्या हातात आला म्हणजे पैसे आले असं होत नाही, तो वटल्यावर मर्यादा मोकळी होते. त्यामुळे उद्या माल हवा असेल तर चेकच्या भरवशावर राहू नका, एनईएफटी करा. ती आता सुट्टीच्या दिवशी आणि रात्रीही होते, दर अर्ध्या तासाला रकमा पुढे सरकतात. दोन लाखांच्या वरची रक्कम असेल तर आरटीजीएस. पैसे पाठवल्यावर बँक जो यूटीआर क्रमांक देते, तो आणि कोणत्या बिलापोटी भरले तो बिल क्रमांक, एवढं दोन ओळींत कळवा. तुम्ही नुसते पैसे टाकले आणि काही सांगितलं नाही, तर ते सगळ्यात जुन्या बिलात जमा होतात. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. पण एखाद्या बिलावर तुमची तक्रार चालू असेल, तर तुम्ही न सांगता ते बिल फेडल्यासारखं होतं आणि पुढे बोलायला जागा राहत नाही.

आणि प्रतिनिधीच्या हातात रोख द्यायची नाही. छापील पावती असेल तरच, आणि तीही त्याच दिवशी मला फोटो पाठवून. हे मी आमच्याच माणसांच्या देखत सांगते. आमची माणसं वाईट आहेत म्हणून हे सांगत नाही. पावती फाडली की दोघांचीही इज्जत राहते. शिवाय आमच्या नावाने कधी नवा बँक खाते क्रमांक व्हॉट्सॲपवर आला, तर आधी जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारायचं आणि मगच पैसे टाकायचे. हंगामात अशी फसवणूक करणारे टपून बसलेले असतात.

एवढं झाल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. त्याला वाटलं, संपलं. मी म्हटलं, आता खरं सुरू होतं.

तक्रार करायची वेळ येईल तेव्हा बघू, असं प्रत्येक नवा माणूस म्हणतो. पण ज्या दिवशी माल उतरतो आणि ज्या दिवशी तुम्ही शेतकऱ्याला बिल देता, त्या दोन दिवशीच तुमच्या तक्रारीचं भवितव्य ठरून जातं. गाडीतून गोणी फाटकी निघाली, पिशवी भिजलेली आली, खोका फुटलेला निघाला, तर ते ड्रायव्हरच्या देखत चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहायचं, त्याची सही घ्यायची, फोटो काढायचा आणि मग गाडी सोडायची. ड्रायव्हर घाई करतो, हमाल म्हणतात राहू द्या मालक. तरी लिहायचं. गाडी गेल्यावर तुम्ही चार गोण्या ओल्या आल्या म्हणालात, तर त्या आमच्या गाडीत भिजल्या की तुमच्या पत्र्याखाली, हे मी परभणीत बसून कसं ठरवणार? चलनावर शेरा असेल तर क्रेडिट नोट निघते, मला मालकांना विचारावंही लागत नाही.

सोयाबीनच्या पिशव्यांबाबत मी वेगळं सांगते. सोयाबीनचं साल पातळ असतं आणि अंकुर सालाच्या अगदी खाली बसलेला असतो. पिशवी उंचावरून आपटली, थप्पी उंच लावली, हमालाने आकडा लावून ओढली, तर दाणा बाहेरून धड दिसतो आणि आत अंकुर दुखावलेला असतो. पिशवीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिलेली असते. ती कंपनीच्या गोदामातून निघताना खरी असते. तुमच्या दुकानात ती ७० राहते की ५५ होते, ते तुमच्या हमालावर आहे. म्हणून प्रत्येक लॉटमधले १०० दाणे ओल्या गोणपाटात किंवा वर्तमानपत्राच्या गुंडाळीत घालून बघायचे. चार-पाच दिवसांत मोड मोजता येतात. विक्रीच्या आधी हे केलं आणि आकडा ७० च्या खाली आला, तर त्या पिशव्या न फोडता बाजूला ठेवून आम्हाला कळवायचं. विकल्यानंतर कळलं, तर ते शेतकऱ्याच्या रानात कळतं.

शेतकऱ्याच्या बिलावर लॉट नंबर लिहायचा, हे मी त्याला जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा दुसरं काहीच सांगितलं नाही. वाण, कंपनी, लॉट नंबर, पिशव्या किती, शेतकऱ्याची सही. दोन लॉटच्या पिशव्या दिल्या असतील तर दोन ओळी. हे लिहायला दुकानात गर्दी असताना जीव नकोसा होतो, मला माहीत आहे. पण २०२० सालचा खरीप मी या टेबलावरून पाहिलेला आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला, बियाण्याचं सोयाबीन रानातच भिजलं, आणि पुढच्या जूनमध्ये मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांचं सोयाबीन उगवलं नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. आमच्या टेबलासमोर तेव्हा दुकानदारांची रांग होती. ज्यांच्या बिलावर लॉट नंबर होता, त्यांच्या शेतकऱ्यांचा पंचनामा कोणत्या कंपनीच्या कोणत्या लॉटचा ते लगेच ठरत होतं. ज्यांनी नुसतं ‘सोयाबीन ३ पिशव्या’ लिहिलं होतं, त्यांचा शेतकरी, दुकानदार आणि आम्ही, तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. माझ्या कागदावर लॉट नंबरची ओळ तेव्हापासून ठळक आहे.

तर हा मुलगा गेला, दुकान सुरू झालं, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चांगला पाऊस पडला आणि पेरण्या झाल्या. महिना संपता संपता त्याचा फोन. आवाज उतरलेला. “ताई, एक शेतकरी दुकानात येऊन बसलेत. सोयाबीन उगवलंच न्हाई म्हणतेत. लोकं जमलेत. काय करू?”

मी विचारलं, बिल समोर आहे का? होतं. २५ किलोच्या चार पिशव्या, साडेतीन एकरांसाठी. आणि बिलावर दोन ओळी होत्या, दोन लॉट, प्रत्येकी दोन पिशव्या. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. म्हटलं, आता शेतकऱ्याशी वाद घालू नका, “असं कसं होईल” असंही म्हणू नका. त्यांना विचारा: पेरणी कोणत्या तारखेला, ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने की तिफणीने, पेरल्यावर पाऊस कसा झाला, रिकाम्या पिशव्या आणि टॅग ठेवलेत का, आणि कोणता लॉट रानाच्या कोणत्या बाजूला गेला. मग त्यांच्यासोबत आजच रानात जा. आणि जाण्याआधी हेच दोन लॉट आणखी कुणाला दिलेत ते तुमच्या बिलांत शोधा.

तो गेला. वरच्या बाजूला पहिल्या लॉटच्या पिशव्या, खालच्या काळ्या, भारी रानात दुसऱ्या लॉटच्या. वर रोपं होती. खाली ओळी जवळजवळ रिकाम्या. बघणाऱ्याला वाटावं, दुसरा लॉट खराब. शेतकऱ्याला तसंच वाटत होतं आणि माझाही पहिला संशय तोच होता.

मी त्याला मोजायला सांगितलं. ४५ सेंटिमीटरवर ओळी असतील आणि एकरी ३० किलोच्या आसपास बी पडलं असेल, तर एक मीटर ओळीत साधारण २६ ते २८ दाणे पडतात. त्यातले ७० टक्के उगवले तर १८ ते २० रोपं दिसायला हवीत. वरच्या रानात पाच ठिकाणी मोजल्यावर १७ ते १९ आली. खालच्या रानात ५ ते ७. मग मी म्हटलं, आता खाली ओळीत खुरप्याने हळूच उकरा आणि दाणे बाहेर काढून बघा, काय झालंय ते.

दाण्याची अवस्था बघितली की बरंच कळतं. दाणा फुगून, मऊ पडून, सडून गेलेला असेल आणि मोडच नसेल, तर बियाण्यावर संशय येतो. दाणा कोरडाच असेल, तर ओल कमी पडली. म्हणून तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मोड आला आहे पण दाणा बोटभर खोल सापडतो, तर यंत्राची खोली चुकली. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरच्या खाली नको. या रानात दाण्यांना मोड आला होता, कोंब लांब वाढले होते, पण वर न येता जमिनीखालीच वळून वाकडे झाले होते. वरचा मातीचा थर पापडीसारखा कडक बसला होता. पेरणीच्या दुसऱ्या रात्री सरळ जोराचा पाऊस पडला, पुढे ऊन पडलं, आणि भारी रानात पापडी धरली. वरच्या हलक्या रानात ती धरली नाही.

तरीही मी त्याला म्हटलं, एवढ्यावर शेतकऱ्याला काही सांगू नका. दुसरा लॉट तपासा. त्याच्या बिलांत तोच लॉट शेजारच्या शिवारातल्या आणखी दोन शेतकऱ्यांकडे गेलेला निघाला. दोन्ही रानं त्याने संध्याकाळपर्यंत पाहिली. मीटरला १८, १९ रोपं. तेव्हा लॉटवरचा संशय फिटला. शेतकऱ्याला त्याने ती रानं नेऊन दाखवली. त्यांची नाराजी गेली असं मी म्हणणार नाही, त्यांना दुबार पेरणी करावीच लागली. पण दुकानातून लोक उठून गेले ते भांडून गेले नाहीत.

त्याने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, जी कागदावर शेवटी लिहिलेली आहे: तुमचं समाधान झालं नसेल तर तुम्ही अर्ज करू शकता, मी स्वतः तुमच्यासोबत येतो. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, सोबत बिलाची प्रत, टॅग आणि रिकामी पिशवी. मग तालुक्याची तक्रार निवारण समिती रानात येते. तिच्यात कृषी विभागाचे अधिकारी असतात, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ असतात. पंचनामा होतो. बियाणे निरीक्षक त्या लॉटची न फोडलेली पिशवी दुकानात मिळाली तर तिच्यातून नमुना घेतो आणि त्याचे तीन भाग करतो. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक त्याच्याकडे. बियाण्याची सरकारी प्रयोगशाळा आपल्या परभणीतच आहे. म्हणून प्रत्येक लॉटची एक तरी सीलबंद पिशवी पेरण्या आटपेपर्यंत विकू नका, हेही मी नव्या दुकानदाराला सांगते. फोडलेल्या पिशवीतला नमुना घेऊन गेलात तर कंपनी तो मान्य करत नाही.

या मार्गाच्या मर्यादाही मी लपवत नाही. समितीने बियाणं सदोष ठरवलं तरी भरपाईचा चेक लगेच हातात पडत नाही. कंपनीने दिली नाही तर ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाण्याबाबत तो तिथं जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. तिथंही बिल, लॉट नंबर आणि पंचनामा हेच विचारतात. दुसरी अडचण वेळेची. पंचनाम्याआधी रान मोडलं तर पुरावा जातो, आणि मोडायला उशीर केला तर जुलैच्या मध्यानंतर सोयाबीन पेरून उपयोग नसतो. त्यामुळे अर्ज उगवण दिसली नाही त्याच दिवशी गेला पाहिजे. आठ दिवस वाट बघणाऱ्याच्या हातून दोन्ही जातं.

त्या मुलाने मला त्याच रात्री पैशांचाही एक प्रश्न विचारला, आणि तो मला महत्त्वाचा वाटला. औषधांचं एक बिल त्याने थांबवून ठेवलं होतं. त्यातले दोन खोके गळके निघाले होते आणि चलनावर शेरा होता. “क्रेडिट नोट येईपर्यंत सगळंच थांबवू का?” मी म्हटलं, नका. गळक्या मालाची रक्कम वेगळी काढा, उरलेलं बिल भरा आणि पैसे टाकताना तसं लिहा. सगळं थांबवलंत तर ४५ दिवस उलटतील, खातं अडेल, आणि तुमची खरी तक्रार थकबाकीच्या आड झाकली जाईल. माझ्या वरच्या माणसालाही मग वाटतं की पैसे द्यायचे नाहीत म्हणून हा तक्रार करतोय. त्याने तसं केलं. क्रेडिट नोट पुढच्या आठवड्यात गेली.

या सगळ्यात आमच्याकडचं काय, तेही लिहिलं पाहिजे. तक्रार आली की तिला क्रमांक द्यायचा, कुणाकडे आहे ते सांगायचं, आणि उत्तर ‘नाही’ असेल तरी ते कारणासह लेखी द्यायचं, ही शिस्त घाऊक दुकानदाराने पाळली नाही तर दुकानदाराला दिलेल्या कागदाला किंमत नाही. काही ठिकाणी खताच्या रेकबरोबर नको असलेला दुसरा माल गळ्यात मारतात, त्याला आपण ‘लिंकिंग’ म्हणतो. सरकारने ते करू नका म्हणून वारंवार बजावलं आहे. ज्याच्याकडून खत घेताना असं होतं, त्याने तेही लेखी तक्रारीत टाकावं. फोनवरची कुरकूर पुढे सरकत नाही.

जिल्ह्यात नवी खाती बहुतेक एप्रिल-मेमध्ये उघडतात, खरिपाच्या तोंडावर. तुमच्या वितरकाने खातं पास झाल्याचा नुसता फोन केला असेल, तर पहिली ऑर्डर देण्याआधी त्याच्याकडे जाऊन बसा आणि तीन गोष्टी लेखी मागा: ऑर्डर कोणत्या क्रमांकावर आणि कशी द्यायची, पैसे कोणत्या खात्यात आणि किती दिवसांत भरायचे, आणि तक्रार कोणाकडे, किती दिवसांच्या आत करायची. आणि तुमच्या स्वतःच्या बिलबुकात लॉट नंबरसाठी रकाना नसेल, तर छापखान्यात देण्याआधी तो टाकून घ्या.